मर्यादाबाई आणि पाच मुलांचा बाप

फ्रेमवाल्यांची मुलगी पळून जाणार आहे, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कुजबुजली गेली ती इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी. दुपारपर्यंत ती शिंप्याकडे पोचली, तोवर तिला हातपाय फुटले होते. मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. त्याला पाच मुलं आहेत. निघायचं नऊला. आधीच्या मुलाला सोडून ती या मुलाकडे चालली आहे, आणि मजा अशी की दोघं एकाच वर्गातले. आणि हे सगळं जुळवून कोणी दिलं? कॉलेजातल्या गणिताच्या बाईंनी! भर वर्गात मुलींना सांगतात म्हणे, ‘मर्यादा बदला आणि परत जाऊ नका.’

पंचवीस वर्षांच्या माणसाला पाच मुलं कशी, आणि पाच मुलांचा बाप बारावीच्या वर्गात काय करतो, हे कोणीही विचारलं नाही. चांगल्या बातमीला असले प्रश्न विचारून तिचा हिरमोड करायचा नसतो, एवढी माणुसकी गल्लीत अजून शिल्लक होती.

तर या गणिताच्या बाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं. मुलं त्यांना मर्यादाबाई म्हणत. सगळं जग ज्याला लिमिट म्हणतं, त्याला या बाई हट्टानं मर्यादा म्हणत. संकलनाच्या, म्हणजे इंटिग्रेशनच्या, खुणेला खाली एक आकडा आणि वर एक आकडा लागतो, कुठून कुठपर्यंत बेरीज करायची ते सांगणारा. बाईंच्या तोंडी ती खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. “लिमिट औषधाच्या गोळ्यांना असतं,” त्या म्हणत, “गणिताला मर्यादा असते.” मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणायचं, “आणि बाईंना?” बाई फळ्याकडे तोंड ठेवूनच उत्तर द्यायच्या, “मला खालची आहे. वरची अजून सापडली नाही.”

अंगानं बाई ठेंगण्या, आवाजानं मात्र दोन मजली. फळ्याचा वरचा अर्धा भाग त्यांना कधी मिळालाच नाही, म्हणून खालच्या अर्ध्यात त्या इतकं दाटीवाटीनं लिहीत की शेवटच्या ओळी गुडघ्यावर बसून लिहाव्या लागत. साडीच्या निऱ्यांना कायम खडूची पांढरी किनार. लग्न केलं नाही. का केलं नाही, याच्या गल्लीत चार गोष्टी प्रचलित होत्या आणि चारही बाईंनी स्वतः ऐकून, आवडीच्या क्रमानं लावून ठेवल्या होत्या. राहायच्या थोरल्या भावाकडे. भाऊ घरात बोलत नसे. त्याच्या वाटचं वहिनी बोलत.

वहिनींनीच ती बातमी घरी आणली. ब्लाउज शिंप्याकडेच विसरल्या, बातमी मात्र घट्ट धरून आणली.

“वन्सं,” चप्पल काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, “तुम्ही लग्नं जुळवायला कधीपासून लागलात?”

“स्वतःचं जुळवलं नाही ते दुसऱ्यांची कुठली?” बाई पेपर तपासत होत्या.

“पाच मुलांचा बाप शोधलात त्या पोरीसाठी! बरा तरी आहे का दिसायला?”

वहिनींनी मग सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची थोडी भर घातली, ती जाऊ दे. बाई आधी इतक्या हसल्या की पेपरावर लाल रेघ आडवी गेली आणि एका मुलाचा बरोबर आलेला प्रश्न चुकला. तो त्यांनी लगेच पुन्हा बरोबर केला. पण वहिनींचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि हसू थांबलं.

“फ्रेमवाले उद्या कॉलेजात येणार आहेत. पोरीचं नाव काढून टाकणार म्हणे. बस झालं शिक्षण, म्हणाले.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. फ्रेमवाल्यांची ही मुलगी त्यांची लाडकी होती. वर्गात ते कुणापासून लपलेलं नव्हतं. गणित सुटलं की ही मुलगी पेन असं काही आपटायची की पुढचे दोन बाक दचकायचे. परीक्षा तोंडावर आलेली. आता नाव काढलं तर वर्ष गेलं, आणि घरी बसलेल्या मुलीचं एक वर्ष किती लांबतं, हे बाईंनी बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलं होतं. रात्रीच्या जेवणात त्यांनी वरणात मीठ दोनदा घातलं. भाऊ काही न बोलता जेवला. वहिनी त्याच्या वाटचं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत शिरताच भौतिकशास्त्राच्या सरांनी खुर्ची सरकवून दिली. “या बाई, या. आमच्या पुतण्याचंही बघा ना कुठे. पंचविसाच्या आतलाच आहे, आणि मूलबाळ नाही.”

“मूलबाळ नाही तर चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे किमान पाच लागतात.”

खोली हसली. तेवढ्यात शिपाई दारात आला. प्राचार्यांनी बोलावलं होतं.

प्राचार्य मूळचे व्याकरणाचे. आकड्यांची त्यांना इतकी भीती की पगारपत्रकावर सहीसुद्धा डोळे किलकिले करून करत. त्यांच्या खोलीत समोरच्या खुर्च्यांवर तिघं बसली होती. फ्रेमवाले, रुंद खांद्यांचे, गप्प, बोटांना सरस आणि वार्निशाचे डाग. दिवसभर लोकांच्या फोटोंना चौकटी घालणारा माणूस. घरातलं काही चौकटीबाहेर गेलं की त्याला सुचेनासं होतं. शेजारी त्यांची मोठी बहीण, म्हणजे मुलीची आत्या. आणि कडेला मुलगी, रडून झालेली आणि आता रागावलेली.

“बाई,” प्राचार्य घसा साफ करत म्हणाले, “एक नाजूक बाब आहे. आपण वर्गात मर्यादा, हा शब्द कोणत्या अर्थी वापरता?”

“संकलनाच्या अर्थी, सर.”

“तो अर्थ सभ्य आहे ना?”

“शून्य ते चार, सर. याहून सभ्य काय असणार?”

“बाबा, मी दहा वेळा सांगितलं, ते गणित होतं!” मुलगी उसळली. “क्ष हे अक्षर सोडून य घ्यायचं, एवढंच मी मैत्रिणीला फोनवर समजावत होते!”

“गणितात कोणी कोणाला सोडून जातं का गं?” आत्या म्हणाल्या. “मला शिकवू नकोस. मी सगळं कानांनी ऐकलंय. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि माझे कान पूर्ण.”

प्राचार्यांना काहीतरी समेट घडवायचा होता. “असं धरू,” ते उत्साहानं म्हणाले, “की हे जे जुनं अक्षर आहे, ते माहेर. आणि नवं अक्षर, ते सासर. मुलगी सासरी गेली की...”

“बघा!” आत्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “हेही तेच म्हणतायत!”

प्राचार्य पेपरवेट फिरवू लागले. फ्रेमवाल्यांनी खिशातून घडी केलेला अर्ज काढून टेबलावर ठेवला. नाव काढण्याचा. त्यावर पेपरवेट ठेवावं की नाही, हे प्राचार्यांना ठरवता येईना.

बाईंनी अर्जाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि मग आत्यांकडे. आत्या ताठ बसल्या होत्या, साक्षीदार बसतो तशा. त्या बसण्यात बाईंना काहीतरी ओळखीचं दिसलं. पाठांतर पक्कं असलेली मुलगी तोंडी परीक्षेला अशीच बसते.

“आत्या,” बाई गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्ही जे ऐकलंत ते मला सांगाल? पण शब्द न् शब्द, जसाच्या तसा. आपल्या मनाचं काही घालायचं नाही.”

“मी कधीच घालत नाही,” आत्या दुखावल्या. “मला ऐकलेलं तस्सं पाठ होतं. लोक पुढे घालतात.”

आणि हे खरं होतं. गल्लीत आत्यांचा हा लौकिक होता. अर्थ त्यांचा, पण शब्द ज्याचे त्याचे.

खोलीत भिंतीवर सूचनांचा पांढरा फळा होता. त्यावर ‘सायकली नीट लावा’ असं लिहिलेलं होतं. बाईंनी सायकली पुसल्या आणि पेन हातात घेतलं. “सांगा.”

आत्यांनी डोळे मिटले. “आधी म्हणाली, ‘तीन क्ष आहे बाहेर.’”

बाईंनी लिहिलं, तीन क्ष.

“मग म्हणाली, ‘आत वर्गमूळ. मुळाच्या आत क्षचा वर्ग अधिक नऊ.’ मी तिथेच सावध झाले. क्ष म्हणजे अमुकतमुक. नाव लपवायचं असलं की माणसं क्ष म्हणतात, पेपरात नाही का येत? आणि त्याचा वर्गही सांगितला हिनं.”

“अर्थ नको आत्या, नुसते शब्द.”

“‘शून्यापासून चारपर्यंत.’”

बाईंनी संकलनाची लांब खूण काढली, खाली शून्य, वर चार. बाहेर तीन क्ष, आत वर्गमूळ, शेवटी डीक्ष. मुलीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

“मग म्हणाली, ‘आता क्षला सोड. य धर. य म्हणजे क्षचा वर्ग अधिक नऊ.’ म्हणजे दोघं एकाच वर्गातले, नाही का?”

“पुढे.”

“‘दोन क्ष डीक्ष म्हणजे डीय, मग तीन क्ष डीक्षचे दीड डीय. संकलन केलं की य गुणिले यचं वर्गमूळ.’ हे काही मला कळलं नाही. म्हणून कुणाला सांगितलं नाही.” आत्यांनी एक डोळा उघडून भावाकडे पाहिलं. “न कळलेलं मी सांगत नाही.”

बाई भराभर लिहीत होत्या. दीड गुणिले यचं वर्गमूळ, डीय.

“मग पलीकडची काहीतरी बोलली, आणि ही एकदम किंचाळली. ‘अगं, यच्या घरात गेलीस आणि मर्यादा क्षच्याच धरून बसलीस! आठ कसं येईल? मर्यादा बदल! क्ष शून्य तेव्हा य नऊ. क्ष चार तेव्हा य पंचवीस. खालची नऊ, वरची पंचवीस. आणि एकदा बदललंस की परत क्षकडे जायचं नाही, बाईंनी सांगितलंय!’” आत्यांनी दोन्ही डोळे उघडले. “आता सांगा. नऊ म्हणजे निघायची वेळ नाही तर काय? आणि वरचा पंचवीस!”

“वरची,” मुलगी म्हणाली. “वरची पंचवीस. मर्यादा!”

“आणि मूल?” आत्यांनी विजयी आवाजात विचारलं. “‘पंचवीसचं मूल पाच’, असं नाही म्हणालीस?”

मग भौतिकशास्त्राच्या सरांचं हसू दाराबाहेरून ऐकू आलं. ते तिथे कधीपासून उभे होते कोण जाणे.

“मूळ, आत्या!” मुलगी हसावं की रडावं अशा आवाजात म्हणाली. “पंचवीसचं वर्गमूळ पाच! ळ! मूऽळ!”

व्याकरणाच्या प्राचार्यांना अखेर आपल्या विषयात पाय टेकायला जागा मिळाली. “ल आणि ळ यांच्या गोंधळातून केवढे अनर्थ होतात,” ते समाधानानं म्हणाले, “हे मी पंचवीस वर्षं...” आणि पंचवीस म्हणताच जीभ चावून थांबले.

“मला ल ऐकू आला,” आत्या म्हणाल्या, पण आवाज एक पायरी खाली आला होता. “कुकरची शिट्टी होत होती.”

“तरी पुढे सांगा ना,” बाई म्हणाल्या. “शेवट राहिलाय.”

आत्यांना राहवेना. पाठ असलेलं अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “‘पंचवीस पाचे सव्वाशे. नऊचं मू...’” त्या थबकल्या, “‘...मूळ तीन. नऊ त्रिक सत्तावीस. सव्वाशेतून सत्तावीस गेले, अठ्ठ्याण्णव.’ आणि पेन आपटलं हिनं. त्या आवाजानं माझ्या हातची भेंडी पडली.”

बाईंनी फळ्यावर अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि त्याला चौकट घातली. फ्रेमवाल्यांनी नकळत त्या चौकटीचे कोपरे निरखले. एक कोपरा काटकोनात नव्हता.

“फ्रेमवाले,” बाई म्हणाल्या, “तुमच्या बहिणीनं आत्ता बारावीचं एक गणित पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक सोडवलं. मी एक अक्षर सांगितलं नाही.”

आत्या आधी चमकल्या. मग त्यांनी पदर सारखा केला. “अवघड होतं का?”

“वर्गातल्या निम्म्यांना येत नाही.”

फ्रेमवाले फळ्याकडे बघत होते. आल्यापासून ते पहिल्यांदा बोलले. “त्या दुसरीचं आठ कसं आलं?”

प्रश्न नेमका होता. बाई खूश झाल्या. “तिनं अक्षर नवं घेतलं, पण आकडे जुने ठेवले. शून्य आणि चार हे क्षचे. ते तिनं यला लावले. चारचं मूळ दोन, चार दुणे आठ. उत्तर कुठल्या कुठे. य जन्मला तोच नऊपाशी, त्याला शून्यापासून कसं मोजणार?”

“आणि परत गेलं तर? क्षकडे?” त्यांनी विचारलं. “तेही चुकतं का?”

आता बाई अडल्या. वर्गात त्या ठणकावून सांगत, परत जायचं नाही. तसं म्हटलं की मुलांच्या डोक्यात राहतं. पण हा माणूस मुलीच्या नावाचा अर्ज समोर ठेवून विचारत होता, आणि ‘परत जायचं नाही’ या तीन शब्दांनीच तर त्याची झोप उडवली होती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “खरं सांगायचं तर चुकत नाही. हे बघा.” त्यांनी गुडघा टेकून खाली लिहिलं. यच्या जागी पुन्हा क्षचा वर्ग अधिक नऊ. “आता चार घाला. चारचा वर्ग सोळा, अधिक नऊ, पंचवीस. तेच पंचवीस. शून्य घाला, नऊ. तेच नऊ. उत्तर अठ्ठ्याण्णवच. मी मुलांना नको म्हणते कारण ती जातात परत, पण नवे आकडे घेऊन जातात. मग क्षच्या जागी पंचवीस घालतात, त्याचा वर्ग करतात, आणि उत्तर पंधरा हजारांच्या वर जातं.”

“बाप रे,” प्राचार्य म्हणाले.

“म्हणजे परत येता येतं,” फ्रेमवाले म्हणाले.

“हवं तेव्हा. फक्त जिथे आहात तिथल्या मर्यादा हव्यात. पण इथे गरज नाही. काम तिकडेच होतं, आणि लवकर होतं. उगाच हेलपाटा.”

फ्रेमवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. “तू असंच समजावत होतीस तिला? एवढं सगळं?”

“रोज समजावते,” मुलगी म्हणाली. “तिला दर वेळी आठच येतं.”

ते उठले. टेबलावरचा अर्ज उचलला, घडी उलगडली, आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर खिशातल्या पेन्सिलीनं काहीतरी आखलं. बाईंना वाटलं, गणित उतरवतायत. ते फळ्याची लांबीरुंदी लिहीत होते. “फळ्याची कड सुटलीय,” ते प्राचार्यांना म्हणाले. “पट्टी लावून देतो. परीक्षेआधी होईल.” आणि कागद खिशात घालून मुलीला म्हणाले, “तुझा तास आहे ना आता? जा मग.”

मुलगी गेली ती जवळजवळ पळतच. दारात भौतिकशास्त्राचे सर तिच्या वाटेत होते, ते कसेबसे भिंतीला चिकटले.

आत्या मात्र उठेनात. “बाई,” त्यांनी हळूच विचारलं, “असं आणखी एखादं आहे का? सोपंसं?”

बाईंनी सांगितलं, आहेत की. आत्या म्हणाल्या, मग पोरीला सांगा, फोनवर जरा मोठ्यानं बोलत जा. कुकर मी बंद ठेवीन.

संध्याकाळी वहिनी शिंप्याकडून ब्लाउज घेऊन आल्या आणि सोबत नवी बातमीही. फ्रेमवाल्यांची बहीण म्हणे कॉलेजात जाऊन बारावीचं गणित सोडवून आली, आणि प्राचार्य टाळ्या वाजवत होते. बाईंनी हे खरं आहे की खोटं ते सांगितलं नाही. वरण चाखलं. मीठ बरोबर होतं.

आठवडाभर वर्गात त्या लिमिट म्हणाल्या. मुलं कंटाळली. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “बाई, तुम्ही मर्यादेत राहा बुवा.” तेव्हा कुठे फळ्याच्या खालच्या अर्ध्यावर मर्यादा पुन्हा आल्या.

मुलगी कुणाबरोबर पळून जाणार नव्हती. क्ष आणि य ही दोन अक्षरं होती. खालची मर्यादा नऊ होती, वरची पंचवीस, आणि पंचवीसचं वर्गमूळ पाच.